टँकरची पाळी वारावर लावू नका, क्रमावर लावा

"आमची सोसायटी गुहागरकडे, चार गल्ल्यांची, बंगले आणि रो हाऊस मिळून. विहीर आटली, आता टँकर सुरू केलाय पण रोज येईलच असं नाही. मी यंदाच सेक्रेटरी झालोय. कुठल्या गल्लीला कधी पाणी याची नोटीस लावायची आहे, दोन वेळा लावली, दोन्ही वेळा भांडणं झाली. नोटीस नक्की कशी लिहायची?"

दादा, मी रत्नागिरीजवळच्या एका सोसायटीत बरीच वर्षं सेक्रेटरी आहे, पाच गल्ल्या, ५० घरं. माझी पहिली नोटीस पण अशीच फसली होती म्हणून आधी तेच सांगतो. मी लिहिलं होतं, सोमवार पहिली गल्ली, मंगळवार दुसरी, असं शुक्रवारपर्यंत, आणि शनिवारचा टँकर गरजेप्रमाणे. वाचायला अगदी सोपं, सगळ्यांना आवडलं पण. तीन आठवड्यांनी चौथ्या गल्लीतल्या काकी रिकामी कळशी घेऊन माझ्या पडवीत येऊन बसल्या. ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की आमच्या गल्लीला तीन आठवडे पाळीचं पाणी नाही, तुमच्या कागदावर मात्र दर गुरुवारी आहे. मी वही काढून बघितली तर खरंच. टँकर जिथे भरतात तिथे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असायची, त्यामुळे गुरुवारचा टँकर एकतर रात्री यायचा नाहीतर यायचाच नाही, आणि शुक्रवार उजाडला की कागदाप्रमाणे पाचव्या गल्लीचा हक्क सुरू. म्हणजे कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण माझ्या नोटिशीनेच एका गल्लीचं पाणी कापलं होतं.

त्यामुळे माझं ठाम मत आहे की पाळी वाराला बांधायची नाही, टँकरला बांधायची. टँकर नंबर एक, टँकर नंबर दोन, असा क्रम. आज नंबर दोनचा टँकर आला नाही तर उद्या जो येईल तो नंबर दोनच. मग उशीर झाला तर सगळ्या गल्ल्या सारख्याच एक दिवस पुढे सरकतात, कोणाची पाळी बुडत नाही. लोक पहिल्यांदा कुरकुरतात की आम्हाला वार कळला पाहिजे, कामावर जावं लागतं, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यावर उपाय एकच, पुढची पाळी कोणाची ते रोज रात्री आठच्या आत फळ्यावर आणि ग्रुपवर पडलं पाहिजे. हे तुम्ही रोज करणार असाल तरच क्रमाची पद्धत चालते, नाहीतर वाराची काय आणि क्रमाची काय, दोन्ही भांडणाचीच.

दुसरी गोष्ट हिशोबाची. माझ्या त्या पहिल्या नोटिशीत प्रत्येक गल्लीला एक अख्खा टँकर होता, कागदावर समान. पण आमच्या गल्ल्यांत घरं आहेत अनुक्रमे ८, १२, १४, ६ आणि १०. दहा हजार लिटरचा टँकर सहा घरांत वाटला तर घरटी साडेसोळाशेच्या वर, चौदा घरांत वाटला तर जेमतेम सातशे. गल्ल्यांना समान म्हणजे घरांना समान नव्हे, हे तिसऱ्या गल्लीवाल्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बोटं मोजून दाखवलं. म्हणून वाटा घराचा धरायचा, गल्ली फक्त व्हॉल्व उघडायच्या सोयीसाठी.

मग घरटी किती आणि किती दिवसांनी? इथे बहुतेक जण टँकरकडून हिशोब सुरू करतात, मी म्हणतो घरातल्या टाकीकडून सुरू करा. आमच्याकडे काही जुन्या घरांत गच्चीवर फक्त ५०० लिटरची टाकी आहे. पाच दिवसांनी एकदा हजार लिटर दिलं तर ज्याची टाकी दोन हजारची त्याला काहीच अडचण नाही, पण ५०० वाल्याचं अर्धं पाणी घ्यायलाच जागा नाही, आणि ते उरलेलं पाणी त्याच पाइपातून शेजारच्या मोठ्या टाकीत जातं. तो बिचारा पाचव्या दिवशी कोरडा. म्हणजे फेरा किती दिवसांचा ठेवायचा हे सोसायटीतली सगळ्यात लहान टाकी ठरवते. आमचा वाटा म्हणून घरटी ५०० लिटर झाला. ५० घरं म्हणजे २५ हजार लिटरचा एक फेरा, म्हणजे रोज एक टँकर धरला तर तीन टँकर, तीन दिवस. तीन दिवसांना ५०० म्हणजे दिवसाला घरटी साधारण १६५ लिटर, चार माणसांचं घर असेल तर माणशी चाळीसएक. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी ५५ लिटरचा आहे, म्हणजे आपण त्याच्याही खाली आहोत, हे नोटिशीत स्पष्ट लिहा. लोकांना एकदा कळलं की पाणी खरंच एवढंच आहे, की अंगणात पाइप लावणं आपोआप कमी होतं, निदान आमच्याकडे झालं.

तुमच्या गल्ल्यांत किती किती घरं आणि टाक्या केवढ्या हे तुम्ही लिहिलं नाहीये, त्यामुळे तुमचा आकडा मी सांगू शकत नाही. एक संध्याकाळ वही घेऊन घरोघर फिरा, टाकीचे लिटर लिहून घ्या, बंद घरांची पण नोंद करा. त्याशिवाय नोटिशीला हात लावू नका.

आता पाणी मोजायचं कसं, कारण खरं भांडण इथे असतं. बहुतेक सोसायट्या वेळेवर देतात, प्रत्येक गल्लीला एक तास. कोकणात सपाट जागा आहे कुठे? आमचा हौद वरच्या अंगाला आहे, पाणी उताराने जातं. खालची पाचवी गल्ली तासात जेवढं खेचते त्याच्या निम्मंही वरच्या दुसऱ्या गल्लीत पोचत नाही. म्हणून तास मोजायचा नाही, हौदातलं पाणी किती उतरलं ते मोजायचं. आमचा हौद आतून ४ मीटर बाय अडीच मीटर आहे, म्हणजे तळाचं क्षेत्र १० चौरस मीटर, म्हणजे पाण्याची एक सेंमी उंची बरोबर १०० लिटर. टँकर पूर्ण भरून आला तर पाणी एक मीटरने चढलं पाहिजे. आणि घरटी ५०० लिटर म्हणजे एका घराचे ५ सेंमी. पहिल्या गल्लीची ८ घरं म्हणजे पाणी ४० सेंमी उतरलं की व्हॉल्व बंद, दुसरीचे ६०, तिसरीचे ७०, चौथीचे ३०, पाचवीचे ५०. एवढं सोपं झालं की शाळेतलं पोर पण तपासू शकतं, आणि तपासतातच. तुमच्या हौदाची लांबी रुंदी मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, त्याला १० ने गुणलं की एका सेंमीला किती लिटर ते निघतं. हौद गोल असेल किंवा खाली निमुळता असेल तर हा हिशोब चालणार नाही, मग एकदा मोजलेलं पाणी थोडं थोडं ओतून काठीवर खुणा कराव्या लागतील.

काठी आमची चिवारीची आहे, दर दहा सेंमीला लाल ऑइल पेंटची पट्टी आणि मध्ये बारीक खाचा. टँकर ओतून झाला की दहा मिनिटं थांबायचं, पाणी हलत असताना काठी घातली तर दोन-तीन सेंमीची चूक सहज होते, म्हणजे दोन-तीनशे लिटर. काठी घालायच्या आधी तिच्यावर पांढरा खडू घासायचा, म्हणजे जिथवर भिजली तिथे रेघ ठळक दिसते. मे महिन्याच्या दुपारी नुसती ओली काठी बाहेर काढेपर्यंत सुकायला लागते आणि मग दोन माणसांचे दोन आकडे येतात. काठी घालताना ज्या गल्लीची पाळी त्या गल्लीतला एक माणूस हजर पाहिजे, वहीत त्याची सही.

ह्या काठीनेच आम्हाला एक गोष्ट कळली. एका मोसमात आम्ही दहा हजारचे पैसे देत होतो आणि काठी कधी ८२, कधी ८४ दाखवत होती. आधी वाटलं हौद गळतोय. मग रात्रभर सगळे व्हॉल्व बंद ठेवून सकाळी परत काठी घातली, रेघ तिथेच. म्हणजे हौद ठीक, टँकरच कमी येत होता. त्या टँकरवाल्याला समोर उभं करून दाखवलं, तो म्हणाला घाटाच्या रस्त्यात झाकणातून सांडतं म्हणून गळ्यापर्यंत भरत नाही. असेल, पण १८०० लिटर म्हणजे आमच्या साडेतीन घरांचा वाटा. तेव्हापासून बिल काठीवर, जेवढे सेंमी तेवढे पैसे. हल्ली ९५ च्या आसपास येतं आणि आम्ही हिशोब ९५ चाच धरतो.

हौदात ओतायच्या आधी पाणी चाखायचं, हे आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, गोडं पाणी खाली गेलं की समुद्राचं आत सरकतं. आज चांगलं पाणी देणारी विहीर पंधरा दिवसांनी तशीच राहील असं नाही. आमच्याकडे छोटा टीडीएस मीटर आहे, साध्या पेनासारखा, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. आम्ही स्वतःसाठी हजारची रेघ आखलीय, त्यावर गेलं तर टँकर परत. मीटर नसेल तर साबणाला फेस येतो का बघा, नीट येत नसेल तर शंका घ्या. पण हे ओतायच्या आधी, कारण एकदा हौदातल्या चांगल्या पाण्यात मिसळलं की ५० घरांचं पाणी गेलं. आणि परत पाठवलेला टँकर म्हणजे न आलेला टँकर, पाळी तशीच राहते, हे नोटिशीत असू द्या.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे एका टँकरला ५० ग्रॅम, बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी हौदात. त्यानंतर निदान अर्धा तास व्हॉल्वला हात लावायचा नाही. टँकर आलेला दिसला की लोक लगेच नळ सोडून बघतात आणि फोन करतात, म्हणून हा अर्धा तास पण लिहा. शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट करायची, म्हणजे थोड्या पाण्यात क्लोरीन तपासायचं औषध टाकून रंग बघायचा, पिवळी झाक आली, ०.२ पीपीएम दिसलं, की क्लोरीन शेवटपर्यंत पोचलंय. रंगच आला नाही तर पावडर जुनी झालेली असते, उघड्या पिशवीतली पावडर उन्हाळ्यात लवकर मरते.

गल्लीच्या आत कोणाला आधी? सगळे नळ एकदम उघडे ठेवले तर खालची घरं भरतात आणि चढावरची बघत बसतात. आम्ही आधी चढावरच्या घरांचे नळ उघडतो, खालच्यांनी आपला कॉक बंद ठेवायचा, वरच्यांचे सेंमी उतरले की मग खालच्यांनी उघडायचा. दुसऱ्या गल्लीत वरची पाच घरं आहेत, म्हणजे काठी २५ उतरेपर्यंत खालच्या सात घरांनी थांबायचं. ज्यांनी थांबायचं त्यांना दर वेळी राग येतो, पण आपल्या वाट्याचे ३५ सेंमी हौदात शिल्लक आहेत हे डोळ्यांनी दिसलं की थांबतात. ५०० च्या वर टाकी असलेल्यांनी आपल्या टाकीत ५०० लिटरची खूण करून घ्यायची आणि तिथे कॉक बंद करायचा, हे शेजाऱ्याच्या नजरेवर चालतं, मीटर बसवता आले तर सगळ्यात उत्तम.

ह्यात सगळ्यात वाईट म्हणजे लाइनला थेट मोटर लावणं. एकाने लावली की पुढच्या घराच्या नळातून पाण्याऐवजी हवा फुसफुसते. आणि काठीवर पण कळतं. आमच्या तिसऱ्या गल्लीला ७० सेंमी उतरायला साधारण पावणेदोन तास लागतात, हे वहीत दर वेळचं आहे. एक दिवस सव्वा तासात उतरले आणि तरी चार घरं रिकामी. त्या दिवशी आम्ही व्हॉल्व बंद करून गल्लीतून चालत गेलो आणि मोटर सापडली. म्हणून सुरू आणि बंद केल्याची वेळ वहीत हवीच, काठीच्या आकड्याशेजारी.

आता आमची नोटीस जशी लावतो तशी देतो, आकडे तुमचे घाला.

"सर्व सभासदांना कळवण्यात येते की विहिरीचं पाणी बंद झाल्यामुळे व्यवस्थापक समितीच्या ठरावाप्रमाणे उद्यापासून टँकरचं पाणी पाळीने सुटेल. रोज एक टँकर अपेक्षित आहे, त्यात साधारण ९,५०० लिटर येतं. प्रत्येक घराला एका फेऱ्यात ५०० लिटर. एक फेरा तीन टँकरचा. पहिला टँकर पाचवी गल्ली, दुसरा टँकर पहिली आणि दुसरी गल्ली, तिसरा टँकर तिसरी आणि चौथी गल्ली, मग पुन्हा पाचवी. टँकर आला नाही किंवा पाणी मचूळ म्हणून परत गेला तर पाळी बुडणार नाही, पुढचा टँकर त्याच गल्ल्यांचा. दोन गल्ल्यांची पाळी एकत्र असेल तेव्हा ह्या फेऱ्यात जी आधी ती पुढच्या फेऱ्यात नंतर.

अर्धाच टँकर आला तर पाळीच्या दोन्ही गल्ल्यांना निम्मं निम्मं मिळेल आणि राहिलेलं निम्मं पुढच्या टँकरमधून सगळ्यात आधी पूर्ण होईल.

टँकर हौदात ओतल्यावर टीसीएलसाठी अर्धा तास थांबून व्हॉल्व उघडेल. पाणी काठीने मोजलं जाईल, घरामागे ५ सेंमी. मोजताना गल्लीतल्या एका सभासदाने हजर राहून वहीत सही करावी. चढावरच्या घरांनी आधी घ्यावं, खालच्यांनी सांगेपर्यंत कॉक बंद ठेवावा.

लाइनला मोटर लावू नये. बंद घराचा वाटा हौदात राखीव राहील, शेजाऱ्यांनी घेऊ नये. मुंबईहून येणाऱ्यांनी येण्याच्या आधी कळवावं, त्यांचा वाटा पुढच्या फेऱ्यापासून सुरू होईल. घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा कार्य असेल तर सेक्रेटरी किंवा खजिनदार यांना सांगावं, राखीव पाण्यातून दिलेलं पाणी फळ्यावर लिहिलं जाईल. पुढची पाळी रोज रात्री आठच्या आत फळ्यावर."

पाचव्या गल्लीपासून सुरुवात का, असं आमच्याकडे पण विचारलं होतं. तिला फक्त ५ हजार लागतात, टँकर साडेनऊ हजारचा. म्हणजे पहिल्याच दिवशी हौदात साडेचार हजार शिल्लक राहतात. दुसऱ्या दिवशी साडेनऊ आले, दहा गेले, शिल्लक चार. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, शिल्लक साडेतीन हजार. उलट पहिल्या-दुसऱ्या गल्लीपासून सुरू केलं असतं तर पहिल्याच दिवशी ५०० लिटर कमी पडले असते आणि दुसऱ्या गल्लीच्या शेवटच्या घराने नोटीस फाडली असती. फेऱ्याची सुरुवात नेहमी ज्या टँकरमधून काही उरतं त्याने करा. हौदाच्या तळाचे १० सेंमी मात्र आम्ही कधीच सोडत नाही, तिथे गाळ असतो, ते शिल्लकेत धरत नाही.

हे उरलेलं पाणी कोणाचं, हे आधी ठरवा. दोन फेऱ्यांनी सात हजारांच्या आसपास जमतं, त्यातून रुग्णाच्या घरी, बाराव्या-तेराव्याला असं जातं. लागोपाठ दोन दिवस टँकर आला नाही तर आम्ही त्यातूनच सगळ्या घरांना १०० लिटर हौदाच्या नळावर हंड्या-कळशांनी देतो, ५० घरांचे ५ हजार. काही अडचण आली नाही तर तेच १०० लिटर पुढच्या फेऱ्यात जास्तीचे सोडतो, घरटी एक सेंमी. राखीव पाण्यातून दिलेला प्रत्येक हंडा फळ्यावर लिहा, नाव आणि लिटर. एकदा मी एका घरी बाळंतीण आहे म्हणून दोनशे लिटर दिले आणि लिहायचं राहिलं, त्याच्यावरून जी चर्चा झाली ती आठवडाभर चालली, आणि ज्यांना दिलं त्या घरच्यांनाच जास्त त्रास झाला.

चाकरमान्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे मे महिन्यातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. वर्षभर बंद असलेलं घर मे महिन्यात उघडतं आणि दोन माणसांच्या घरात दहा होतात. वाटा माणसांवर द्यावा असं खूप जण म्हणतात, आणि माणुसकीच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण मी दोन्ही करून बघितलं. माणसं मोजायला लागलं की रोज आकडा बदलतो, कोण आलं कोण गेलं हे सेक्रेटरीने विचारत फिरायचं, आणि कोकणात कोणाच्या घरी किती पाहुणे हे दारात उभं राहून विचारणं म्हणजे अपमानच. म्हणून वाटा घराचा, जास्त माणसं असतील त्यांनी स्वतःच्या खर्चाने छोटा टँकर मागवावा, आम्ही फक्त टँकरवाल्याचा नंबर देतो आणि दोन-तीन घरांना एकत्र जोडून देतो. तो टँकर थेट त्यांच्या टाकीत, सोसायटीच्या हौदात नाही, नाहीतर काठीचा हिशोब गेला. तुमच्याकडे बंद घरं जवळजवळ नसतील आणि वर्षभराची माणसं ठरलेली असतील तर माणशी वाटा चालू शकेल, तिथे तुमची परिस्थिती बघा.

पैशाचं थोडक्यात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत पाण्याचा आकार नळजोडांची संख्या आणि आकार ह्यावर आहे. टँकरचं पाणी घरटी सारखं देणार असाल तर खर्च पण घरटी सारखा असावा, पण तो सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या, नोटिशीत एका ओळीने ढकलू नका. आणि कोणाची मेंटेनन्सची थकबाकी आहे म्हणून त्याचं पाणी बंद करायचा विषय निघेल, तेव्हा नाही म्हणा. थकबाकीच्या वसुलीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये निबंधकांकडून वसुली दाखला घ्यायचा वेगळा रस्ता आहे, व्हॉल्व हा वसुलीचा रस्ता नाही.

तुमचा हौद खालच्या बाजूला असेल आणि पाणी पंपाने चढवत असाल तर अजून एक वाक्य घालावं लागेल. व्हॉल्व उघडल्यावर लाईट गेली तर जिथे काठी थांबली तो आकडा लिहायचा आणि लाईट आल्यावर तिथूनच पुढे, त्याच गल्लीला. आमचं उताराने जातं म्हणून आम्हाला ते लागत नाही.

नोटिशीच्या दोन प्रती काढा, एक फळ्यावर, एक हौदाच्या झाकणाशेजारी प्लॅस्टिकमध्ये घालून, कारण वाद तिथेच उभे राहतात आणि तिथेच वाचून मिटतात. ग्रुपवर मोठी नोटीस एकदाच टाका, नंतर रोज फक्त एक ओळ. आमची कालची अशी होती, "टँकर ३ आला, काठी आधी ५०, नंतर १४५, गल्ली तीन ७०, गल्ली चार ३०, आता ४५. उद्या टँकर १, पाचवी गल्ली." ह्यापेक्षा जास्त लिहिलं की खाली पन्नास मेसेज येतात आणि आकडा वर निघून जातो.

पाळी बंद कधी करायची ते पण आत्ताच ठरवून ठेवा, कारण पहिला पाऊस पडला की सगळे म्हणतात आता टँकर कशाला. मृगाचा पाऊस झाला तरी विहीर लगेच भरत नाही. जांभ्यातून पाणी झिरपून यायला वेळ लागतो आणि पहिलं येतं ते गढूळ असतं. आमच्या विहिरीला आत पायऱ्या आहेत, खालून सातव्या पायरीला पाणी लागलं आणि पंप दोन तास चालवून पण पाणी त्या पायरीच्या खाली गेलं नाही, की मगच आम्ही नोटीस काढतो. त्याच्या आधी विहीर उपसून गाळ काढून टीसीएल टाकून एक दिवस तशीच ठेवतो. तोपर्यंत पाऊस कितीही पडो, रात्री आठला फळ्यावर पुढची पाळी लिहिलेली असते.